नानांच्या कोटाचा वास: एक अत्तर शोधताना

मे 2023 मध्ये मिरजेचे आमचे जुने घर रिकामे करताना लोखंडी ट्रंकेत माझ्या आजोबांचा, म्हणजे नानांचा, बंद गळ्याचा काळा कोट सापडला. नाना 1989 साली गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ट्रंक उघडताच कोटाच्या कॉलरपाशी त्यांच्या अत्तराचा अगदी पुसट वास अजून होता. तो मी घेतला, बाबांनी घेतला, आणि त्याच आठवड्यात घरातल्या सामानाबरोबर तो कोट चुकून ड्रायक्लीनिंगला गेला. परत आला तेव्हा कोट स्वच्छ होता आणि त्याला कसलाही वास नव्हता. बाबांनी कॉलर दोनदा नाकाशी नेली आणि काही न बोलता कोट घडी करून ठेवला. ते अत्तर शोधून काढायचे असे मी त्या दिवशी ठरवले.

नाना सणासुदीला आणि लग्नकार्याला कानाच्या पाळीवरच्या खळग्यात अत्तराचा फाया ठेवत. अत्तर एका फिरत्या अत्तरवाल्याकडून घेत, एवढेच घरात ठाऊक होते. अत्तराचे नाव काय, ते कशाचे आणि कुठून येत असे, हे कोणी कधी विचारले नव्हते. कुपी उरलेली नव्हती आणि कोटाचा पुरावाही गेला होता, म्हणजे हाताशी फक्त वर्णन होते. ते वर्णन दुकानदाराला कळेल असे करायला मला जवळजवळ चार महिने लागले, आणि माझ्या बहुतेक चुका तिथेच झाल्या.

पहिली चूक 10 जूनला पुण्यात झाली. बाबांना विचारले तर ते चटकन म्हणाले, "अगं, पहिल्या पावसाचा वास. मातीचा." मी रविवार पेठेतल्या एका अत्तराच्या दुकानात जाऊन मातीचे अत्तर मागितले. ते खरोखरच मिळते. उत्तर प्रदेशातल्या कनौजला कोरड्या दिवसांत माती भाजून, ती तांब्याच्या भांड्यात पाण्याबरोबर उकळून तिची वाफ धरतात. 1964 साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी पावसाच्या वासाला पेट्रिकोर हे नाव दिले, त्या लेखातही भारतातल्या या अत्तराचा उल्लेख आहे. तीन मिलिलिटरची कुपी 180 रुपयांना मिळाली. घरी येऊन बाबांना वास दिला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सुरुवात हीच आहे. पण पुढे काही नाही." हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवायला हवे होते. तसे न करता मी ते "माती नव्हे" असे समजले आणि दुसऱ्या दिशेला गेले.

दुसरी दिशा माझ्या स्वतःच्या आठवणीची होती. मी नानांच्या मांडीवर बसत असे ती दुपारी, जेवणानंतर. मला आठवत होता माठातल्या वाळ्यासारखा गार वास, त्यात किंचित गोड फूल, आणि वेलदोडा. वेलदोड्याविषयी माझी पक्की खात्री होती. जुलैमध्ये मी दोन दुकानांत "हिरवट, गार आणि मसाल्याचे" असे वर्णन केले. एकाने 220 रुपयांना वाळ्याचे अत्तर, म्हणजे खस, दिले. दुसऱ्याने मसाला हा शब्द ऐकताच शमामा काढले, 350 रुपयांचे. शमामात अनेक वनस्पती आणि मसाले एकत्र ऊर्ध्वपातित करतात आणि त्यांतला एक महत्त्वाचा घटक म्हणजे छडीला, अर्थात आपले दगडफूल. कुपी उघडताच मला घरचा गोड्या मसाल्याचा डबा आठवला. अत्तर उत्तम होते, थंडीत लावायला फारच छान, पण नानांचे नव्हते.

विक्रेत्याची यात काही चूक नव्हती. वर्णनातला सर्वांत ठळक शब्द तो पकडतो, आणि दुकानातल्या दोनशे कुप्यांमधून त्या शब्दाला सर्वांत जवळची कुपी काढतो. तुमचा ठळक शब्द चुकीचा असेल तर बाकीचे वर्णन कितीही बरोबर असले तरी ते ऐकलेच जात नाही.

19 ऑगस्टला मी कोल्हापूरला आत्याला फोन केला. नानांचे कपडे धुणे, घडी घालणे, ट्रंकेत ठेवणे ही कामे लग्नापर्यंत तिच्याकडे होती. ती म्हणाली, "माती? वाळा? छे गं. नानांच्या कपड्यांना दुधासारखा वास यायचा, आटवलेल्या दुधासारखा, आणि लाकडाचा. देवघरातल्या सहाणेजवळ येतो ना, तसा." म्हणजे आता आमच्याकडे तीन माणसे आणि तीन वास झाले. नानांकडे तीन वेगवेगळी अत्तरे असणार असेच मला वाटले आणि त्या निराशेत तीन आठवडे गेले.

शनिवारी, 9 सप्टेंबरला मी मुंबईला मोहम्मद अली रोडवर गेले. जाणार असाल तर शुक्रवारची दुपार आणि रमझानचा महिना टाळा. गर्दी तर असतेच, शिवाय त्या वेळी बसून बोलायला कोणाला सवड नसते. मी सकाळी साडेअकराला पोचले. त्या वेळी दुकाने नुकतीच उघडत होती, आणि हवेत दहा दुकानांचे वास मिसळलेले नव्हते. पहिल्या दोन दुकानांत मला ब्रँडेड परफ्यूमच्या नकला दाखवल्या गेल्या. तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक वयस्कर गृहस्थ होते. मी माझी तीन वर्णने सांगू लागले तेव्हा त्यांनी मला थांबवले, समोरच्या स्टुलावर बसवले आणि कोणतीही कुपी न उघडता प्रश्न विचारायला सुरुवात केली.

त्यांचे प्रश्न मला जसेच्या तसे आठवतात, कारण त्यांतला एकही प्रश्न वास कसा होता याविषयी नव्हता. अत्तर कुठे लावायचे, कापसावर, कपड्यावर की मनगटावर? तुमच्या वडिलांनी वास घेतला तो लावताना की नंतर? तुम्ही किती वाजता मांडीवर बसायचात? आत्याने कपड्यांना हात लावला तो त्याच दिवशी की दुसऱ्या? आजोबा पान खायचे का? तंबाखू? खिशात काय असायचे?

मी एकेक उत्तर देत गेले. बाबा लहानपणी सकाळी नानांची तयारी होताना शेजारी उभे असत, म्हणजे त्यांचा वास पहिल्या पाच-दहा मिनिटांचा. माझा दुपारचा, म्हणजे तीन-चार तासांनंतरचा. आत्याचा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीचा, कापडावरचा. आणि खिशात नानांच्या एक लहान पितळी डबी असे, जेवणानंतर तोंडात टाकायच्या वेलदोड्यांची. हे उत्तर देता देता माझे मलाच कळले. माझ्या आठवणीतला वेलदोडा अत्तराचा नव्हता, तो नानांच्या श्वासाचा होता. त्याचप्रमाणे आत्याने नंतर सांगितलेली ट्रंकेतली डांबराची गोळीही आम्ही यादीतून काढून टाकली.

ते म्हणाले, "बेटा, ये तीन खुशबू नहीं हैं। एक ही है। तुम लोगों ने अलग अलग वक्त सूंघी है।" मग त्यांनी कापसाचा एक बोळा मजमुआत बुडवून माझ्या हातात दिला.

मजमुआ म्हणजे संग्रह. पारंपरिक मजमुआत साधारणपणे चार अत्तरे एकत्र केलेली असतात: माती, वाळा, केवडा आणि कदंब. माझ्या बाबांची माती, माझा वाळा आणि माझे ते नाव न सांगता येणारे गोड फूल, हे सगळे एका बोळ्यात होते. केवडा तर मी लहानपणापासून गणपतीत पाहिलेला, तरी वाळ्याबरोबर आल्यामुळे मला तो ओळखता आला नव्हता. दुकानात बसून मला रडू आले हे लिहायला मला संकोच वाटत नाही. तीन मिलिलिटरची कुपी 400 रुपयांना घेऊन मी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परतले.

परंतु शोध तिथे संपला नाही. बाबांना सकाळी फाया दिला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला, पण जेवणाच्या वेळेपर्यंत वास तोकडा, उग्र आणि हिरवट झाला, आणि संध्याकाळी कापसात जवळपास काहीच उरले नाही. जुन्या रुमालावर लावून ठेवलेला थेंब दुसऱ्या दिवशी पाहिला तर आत्याच्या दुधाचा आणि लाकडाचा मागमूस नव्हता. बाबांचे जूनमधले वाक्य मला तेव्हा आठवले: सुरुवात हीच, पुढे काही नाही.

मी त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी कारण मोकळेपणाने सांगितले, आणि या साऱ्या प्रवासात मला मिळालेली ही सर्वांत मोलाची माहिती आहे. कनौजच्या जुन्या पद्धतीत फुले किंवा माती पाण्याबरोबर ज्या तांब्याच्या भांड्यात तापवतात त्याला देग म्हणतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात, म्हणजे भपक्यात, उतरते आणि तो भपका गार पाण्यात बसवलेला असतो. या भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. वाफेतला सुगंध थेट त्या तेलात मुरतो. म्हणजे चंदन हे मागाहून घातलेले पाणी नव्हे, सुगंध धरून ठेवणारी ती मूळ जमीन आहे. फुलांचा आणि मातीचा हलका भाग आधी उडून जातो, आणि सावकाश उडणारे चंदन शेवटी उरते, जड, मऊ आणि दुधाळ. आत्याने वर्षानुवर्षे कपड्यांत जो वास घेतला तो मुख्यतः या जमिनीचा होता. चंदनाचे तेल महाग होत गेले, आज शुद्ध तेलाचा भाव किलोला लाखाच्या पुढे आहे, आणि तसतशी बाजारातल्या बहुतेक अत्तरांत त्याची जागा लिक्विड पॅराफिनने किंवा डीईपीसारख्या वास नसलेल्या रसायनाने घेतली. नाव मजमुआच राहते, वरचा वासही बराचसा तसाच राहतो, पण खालची जमीन जाते. माझ्या कुपीतही चंदन नव्हते. त्यांनी ते लपवले नाही, फक्त मी विचारले नव्हते. म्हणून दुकानात अत्तराच्या नावाबरोबर "बेस कशाचा?" हा प्रश्न विचारावा आणि उत्तर बिलावर लिहून मागावे. जो लिहून द्यायला कचरतो त्याच्याकडे चंदनाच्या भावाने खरेदी करू नये.

घरी एक तपासणी करता येते, तिच्या मर्यादेसह सांगते. डीईपी पाण्यापेक्षा जड आहे आणि चंदनाचे तेल किंचित हलके. अत्तराचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकून सुईच्या टोकाने खाली ढकलला, तर डीईपी भरपूर असलेला थेंब तळाशी जाऊन बसतो. माझ्या मुंबईच्या मजमुआचा थेंब तसा बसला. मात्र पॅराफिनही तरंगते, आणि वाळ्याचे तेल मुळातच पाण्याइतके जड असते, म्हणून थेंब तरंगला एवढ्यावरून चंदन आहे असे म्हणता येत नाही. खरी परीक्षा धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या सुती कापडाची. त्यावर थेंब लावून कापड उघड्यावर ठेवावे आणि चोवीस तासांनी वास घ्यावा. जमीन आहे की नाही ते तिथे कळते.

त्या गृहस्थांनीच कनौजच्या बडा बाजारातल्या एका कारखानदारांचा क्रमांक दिला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना फोन केला आणि या वेळी वर्णन लिहून पाठवले. ते हिंदीत होते, त्याचा मजकूर असा: "कापसाच्या फायावर लावायचे अत्तर, 1970 ते 1989 या काळातले. पहिली दहा मिनिटे: ओली माती, धूर नाही, साखरेचा गोडवा नाही. तीन तासांनी: पाण्यात भिजलेला वाळा, त्यामागे केवडा, पण केवडा पुढे येत नाही. दुसऱ्या दिवशी कापडावर: आटवलेले दूध, उगाळलेले चंदन, फूल नाही. मसाला नाही, ऊद नाही, कस्तुरी नाही. तीन माणसांच्या आठवणीवरून. मजमुआ वाटते, चंदनाच्या जमिनीवरचे हवे." त्यांचा उलटा फोन त्याच दिवशी आला. म्हणाले, लोक "पुराना वाला, अच्छा वाला" असे सांगतात, तुमचे वाचून मला नेमके काय काढायचे ते कळले. कसे होते, कधी होते आणि काय नव्हते, हे तिन्ही लिहिल्याने त्यांचे काम सोपे झाले होते. "काय नव्हते" ही ओळ विशेषतः उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे विक्रेता निम्म्या कुप्या बाजूला ठेवू शकतो.

त्यांच्याकडून मी एकेक मिलिलिटरचे चार नमुने मागवले. तीन मजमुआचे, घटकांचे प्रमाण वेगवेगळे असलेले, आणि चौथा माझ्या विनंतीवरून नुसत्या चंदनाच्या तेलाचा. कुरिअरसह 1,800 रुपये झाले. इथे थोडे कागदी काम आहे. कुरिअरवाले द्रव पदार्थ म्हटल्यावर नाही म्हणतात, कारण मद्यार्क असलेले परफ्यूम ज्वालाग्राही म्हणून विमानाने नेण्यावर बंधने आहेत. अत्तरात मद्यार्क नसतो, पण हे पाठवणाऱ्याने लेखी सांगावे लागते. कारखानदारांनी बिलाची प्रत आणि "मद्यार्करहित सुगंधी तेल" असे स्वघोषणापत्र पाकिटावर चिकटवले आणि पार्सल रस्त्याने पाठवले. त्याला नऊ दिवस लागले. 30 ऑक्टोबरला पार्सल आले तेव्हा खोक्याचा एक कोपरा तेलकट होता आणि दोन कुप्या निम्म्या सांडल्या होत्या. उघडताना मी चित्रफीत काढली नव्हती, त्यामुळे कुरिअर कंपनीने तक्रार नोंदवून घेतली खरी, पण भरपाई दिली नाही. कारखानदारांनी त्या दोन कुप्या स्वखर्चाने पुन्हा पाठवल्या, या वेळी बुचाभोवती टेप गुंडाळून आणि प्रत्येक कुपी वेगळ्या पिशवीत घालून. त्या 20 नोव्हेंबरला पोचल्या. पार्सल उघडताना चित्रफीत काढा आणि टेप व पिशवी आधीच मागून घ्या, म्हणजे माझ्यासारखे तीन आठवडे जाणार नाहीत.

तपासणी मी घाईने केली नाही. नाक लवकर थकते. तीन-चार वास सलग घेतले की पाचवा कसाही भासतो. दुकानांतून कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण मला त्यापेक्षा बाहेर जाऊन पाच मिनिटे मोकळ्या हवेत उभे राहणे अधिक उपयोगी पडले. मी दिवसाला एकच नमुना घेतला, आणि तो कागदाच्या पट्टीवर किंवा मनगटावर न लावता कापसाच्या फायावर आणि कापडाच्या तुकड्यावर लावला, कारण आमच्या आठवणी कापसाच्या आणि कापडाच्या होत्या. कातडीच्या उबेने तेच अत्तर लवकर उलगडते आणि लवकर संपते. तुमच्या आठवणीतल्या माणसाने मनगटावर लावले असेल तर तुम्ही मनगटावरच पाहावे.

आधी तळ ठरवला. चौथ्या नमुन्याचा, म्हणजे नुसत्या चंदनाचा थेंब लावलेला रुमाल दोन दिवस उघड्यावर ठेवला, मग प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत घालून मी कोल्हापूरला गेले आणि काय आहे ते न सांगता तो आत्यासमोर धरला. ती म्हणाली, "हे कपाटातले आहे. पण अर्धेच आहे." म्हणजे जमीन बरोबर होती. मग तीन मजमुआंचे रुमाल, तेही दोन दिवसांचे, एकेका तासाच्या अंतराने दिले. तिने पहिला बाजूला ठेवला, दुसऱ्या आणि तिसऱ्यात तिला फरक सांगता आला नाही. दुसरा की तिसरा हा निर्णय मग पुण्यात बाबांनी, सकाळच्या ताज्या फायावर, घेतला. दुसऱ्यात वाळा जास्त होता, तो त्यांना औषधासारखा वाटला. तिसऱ्याला ते पटकन हो म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "फक्त केवडा जरा कमी हवा. याने देवपूजेचा वास येतो, नानांचा नाही." प्रत्येक साक्षीदाराला त्याच्या त्याच्या वेळेचाच वास द्यावा, हे मला इथे शिकायला मिळाले. आत्याला ताजा फाया दिला असता तर तिने तीनही नमुने नाकारले असते.

मी कारखानदारांना फोनवर हे शब्दशः सांगितले: तिसरा नमुना, केवडा निम्मा, बाकी काही बदलू नये. ते म्हणाले की केवडा कमी केला की कदंब आपोआप थोडा पुढे येईल, चालेल का? मला कदंबाचा वास वेगळा ठाऊकच नव्हता, म्हणून मी चालेल म्हटले. 11 डिसेंबरला सहा मिलिलिटरची, म्हणजे त्यांच्या भाषेत अर्ध्या तोळ्याची, मागणी दिली. 4,200 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 756, कुरिअरचे 110, एकूण 5,066. बिलावर "चंदन तेलाचा बेस" असे लिहून आले. मिश्रण केल्यावर ते लगेच पाठवत नाहीत. चार अत्तरे एकमेकांत मुरायला निदान दोन आठवडे ठेवावी लागतात, नाहीतर प्रत्येकाचा वास सुटासुटा येतो. म्हणून कुपी 2 जानेवारी 2024 ला हातात आली. प्रवासाचा खर्च सोडला तर जूनपासून सगळे मिळून 8,016 रुपये लागले. यातले पहिले 750 रुपये, आणि खरे म्हणजे पहिले तीन महिने, माझ्या चुकीच्या वर्णनाचे होते.

15 जानेवारीला संक्रांत होती. बाबांनी सकाळी कापसाची लहान गोळी केली, कुपीच्या काचेच्या काडीने तिला एकच थेंब लावला आणि ती कानात ठेवली. मी काही विचारले नाही. दुपारी जेवणानंतर ते वर्तमानपत्र वाचत बसले होते तेव्हा मी मुद्दाम जवळ जाऊन बसले, आणि वाळा व केवडा जिथे असायला हवे होते तिथे होते. हुबेहूब म्हणणार नाही. कदंब खरोखरच जरा पुढे आहे, आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या मातीत एक खारटपणा होता असे बाबांना वाटते तो यात नाही. खारटपणा मातीचा होता की उन्हातून चालत आलेल्या माणसाचा, हे आता कोणी सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या मागे मी लागले नाही.

कुपी मी काळ्या कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली आहे. प्रकाश आणि उष्णता लागू दिली नाही तर चंदनावरचे अत्तर वर्षानुवर्षे टिकते आणि जुने होताना आणखी मऊ होते, असे कारखानदार म्हणाले. त्या संक्रांतीला बाबांनी खांद्यावर घेतलेली शाल तीन दिवसांनी आत्याकडे गेली. तिने ती नाकाशी धरली, बराच वेळ धरली, आणि मग उठून आतल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा शालीची घडी तिच्या लोखंडी ट्रंकेत ठेवलेली होती, आणि शेजारी तिने कागदात बांधून एक डांबराची गोळी टाकली होती.